आधार, पॅन आणि बँक खात्यावरील नावाचे स्पेलिंग कसे जुळवावे: क्रमवार मार्गदर्शन

माझी आई पुण्याजवळच्या एका कारखान्यात पॅकिंग विभागात बरीच वर्षे काम करून निवृत्त झाली आणि तिने भविष्य निर्वाह निधीचे पैसे काढण्यासाठी ऑनलाइन अर्ज केला. पंधरा दिवसांनी अर्ज नामंजूर झाला. कारण एका ओळीचे होते : बँक खात्यावरील नाव सदस्याच्या नावाशी जुळत नाही. आईच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर आणि घराच्या सातबारावर मराठीत नाव अगदी एकसारखे आहे. फरक होता तो फक्त इंग्रजी अक्षरांत, आणि तो काढायला आम्हाला साडेचार महिने लागले. त्यातले निदान दोन महिने चुकीच्या क्रमाने धावपळ केल्यामुळे गेले, म्हणून हा क्रम इथे सविस्तर लिहीत आहे.

आईचे खरे नाव न देता उदाहरणासाठी आपण ते लक्ष्मी विठ्ठल जाधव असे समजू. तिच्या चार नोंदींत चार स्पेलिंगे होती.

```
आधार    : Laxmibai Vithal Jadhav
पॅन     : LAXMI VITTHAL JADHAV
पासबुक  : JADHAV LAKSHMI V
पीएफ    : LAXMI V JADHAV
```

हे फरक कुठून येतात

मराठी नाव रोमन लिपीत लिहिण्याची एकच ठरलेली पद्धत व्यवहारात नाही. 'क्ष'साठी कोणी `ksh` लिहितो, कोणी `x`. 'ज्ञ'साठी `dny` आणि `gy` दोन्ही चालतात, 'व'चा कधी `v` होतो तर कधी `w`, आणि 'ठ्ठ'चे काय करायचे हे समोर बसलेल्या माणसावर अवलंबून असते. त्यात आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे असतात. शाळेच्या कागदांत आडनाव आधी येते, बँकेत मधल्या नावाचे एकच अक्षर राहते आणि मानाने लावलेले 'बाई' किंवा 'राव' कुठे नोंदले जाते, कुठे गळते. खाते उघडताना, कामावर रुजू होताना, आधारच्या शिबिरात, प्रत्येक वेळी नाव वेगळ्या माणसाने ऐकून टंकले, आणि पूर्वी त्याने काही अडत नव्हते, कारण तपासणारा माणूसच होता आणि त्याला लक्ष्मी आणि लक्ष्मीबाई एकच हे कळत होते.

आता ही तपासणी संगणक करतो. प्राप्तिकराचा परतावा, पीएफचा दावा, पॅन आणि आधारची जोडणी, या ठिकाणी दोन नोंदींतली रोमन अक्षरे एकमेकांशी ताडून पाहिली जातात. थोडा फरक काही ठिकाणी चालवून घेतला जातो, पण किती फरक चालेल हे प्रत्येक यंत्रणा आपापल्या नियमाने ठरवते. म्हणून "इतके दिवस चालत होते, आताच काय झाले" हा प्रश्न काउंटरवर विचारून उपयोग होत नाही. जिथे पैसे अडतात ती जागा बहुतेक वेळा चुकीची नसते. चूक तिच्या मागच्या एखाद्या नोंदीत असते.

१. आधी सगळ्या नोंदी एका कागदावर उतरवा

वर दिला आहे तसा तक्ता स्वतःच्या हाताने तयार करा, आणि नाव कार्डावरून न लिहिता शक्य तिथे मूळ नोंदीवरून लिहा. छापील कार्ड आणि संगणकातील नोंद यांत फरक असू शकतो. पॅनवर "कार्डावर छापायचे नाव" हा रकाना स्वतंत्र असतो, त्यामुळे कार्डावर एक आणि नोंदीत दुसरे असे घडते.

आधारसाठी `myaadhaar.uidai.gov.in` वर ओटीपीने आत जाऊन ताजे ई-आधार उतरवून घ्या. तिथेच `Aadhaar Update History` ही सोयही आहे. त्यावरून पूर्वी नावात कधी बदल केला होता का, हे कळते आणि ते कळणे फार महत्त्वाचे आहे, कारण आधारवरील नाव साधारणपणे आयुष्यात दोनच वेळा बदलून मिळते. पूर्वी लग्नानंतर एकदा बदल झाला असेल, तर हातात एकच संधी उरलेली असते.

पॅनसाठी `incometax.gov.in` वर `Verify PAN Status` ही सेवा आहे. तिथे पॅन क्रमांक, पूर्ण नाव, जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांक भरल्यावर दिलेली माहिती पॅनच्या नोंदीशी जुळते की नाही, असे उत्तर येते. एका स्पेलिंगने जुळले नाही तर दुसऱ्याने पाहा. जे जुळेल तेच तुमचे नोंदीतले नाव.

बँकेसाठी पासबुकाचे पहिले पान पुरेसे नाही. घरातल्या कोणाला तरी तुमच्या खात्यावर यूपीआयने एक रुपया पाठवायला सांगा आणि पैसे पाठवण्यापूर्वी पडद्यावर कोणते बँक-नाव दिसते ते टिपून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार १ एप्रिल २०२५ पर्यंत एनईएफटी आणि आरटीजीएसलाही, पैसे पाठवण्यापूर्वी समोरच्या खातेदाराचे नाव पाहण्याची सोय बँकांनी द्यायची होती. बाहेरच्या यंत्रणेला जे नाव दिसते तेच तुमच्या कामाचे असते.

२. एकच पायाभूत स्पेलिंग ठरवा

चार स्पेलिंगांपैकी "बरोबर" कोणते, या वादात पडू नका. उच्चाराला सर्वांत जवळचे स्पेलिंग निवडण्याचा मोह होतो, पण त्याने दुरुस्त्यांची संख्या वाढते. जे स्पेलिंग बदलायला सर्वांत अवघड असलेल्या कागदांवर आहे ते निवडा. पासपोर्ट असेल तर पासपोर्टावरचे, नाहीतर पॅन आणि मतदार ओळखपत्र या दोन्हींवर जे समान असेल ते.

आईकडे पासपोर्ट नव्हता. मतदार ओळखपत्रावर आणि पॅनवर `Laxmi Vitthal Jadhav` असेच होते. म्हणून आम्ही तेच पायाभूत धरले, आणि चार नोंदींपैकी तीन दुरुस्त करायच्या, पॅनला हात लावायचा नाही, असे ठरले. आम्ही हे पहिल्या दिवशी केले असते तर पुढचा घोटाळा टळला असता. प्रत्यक्षात आम्ही आधी बँकेत गेलो, शाखेने आधारची प्रत घेतली आणि त्यावरून खात्याचे नाव `LAXMIBAI VITHAL JADHAV` करून टाकले. शाखेने तिच्या परीने योग्यच केले होते. आता बँक आणि आधार जुळले, पण पॅनशी दोन्ही जुळेनात, आणि पुढे आधार दुरुस्त झाल्यावर बँकेची दुरुस्ती पुन्हा करावी लागली.

म्हणून क्रम असा ठेवा : आधी पुरावा, मग आधार, मग पॅन, मग बँक, आणि शेवटी जिथे पैसे अडले ती जागा. तुमचे आधार आधीच बरोबर असेल तर ती पायरी सोडून द्या. फक्त बँकेत चूक असेल तर फक्त बँकेत जा. मात्र मधली पायरी चुकीची ठेवून पुढची दुरुस्त करू नका.

पूर्ण नाव बदलले असेल, म्हणजे लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही नवे असतील, तर तो केवळ स्पेलिंगचा प्रश्न नसतो. त्यासाठी शासनाने दिलेला विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातील नावबदलाची प्रसिद्धी लागते. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांतही नाव बदलल्यावर जुने ओळखपत्र या दोहोंपैकी एकासह ग्राह्य धरावे, अशी तरतूद आहे. महाराष्ट्रात राजपत्राचे काम शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे असते. एका-दोन अक्षरांच्या फरकासाठी मात्र राजपत्राच्या मागे धावण्याची गरज सहसा पडत नाही. आम्हाला एका माणसाने आधीच राजपत्र करून घ्या म्हणून सांगितले होते. आम्ही ते केले नाही आणि त्यावाचून काही अडले नाही.

३. आधारवरील नाव दुरुस्त करा

हे काम आधार सेवा केंद्रावर किंवा बँक अथवा टपाल कार्यालयातील नोंदणी केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन होते. सोबत हे न्या :

- आधार कार्ड आणि त्यावर जोडलेला मोबाइल
- पायाभूत स्पेलिंग असलेले छायाचित्रासह ओळखपत्र, मूळ प्रत (पासपोर्ट, पॅन, मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना)
- भरलेला दुरुस्ती अर्ज, त्यात नाव ठळक रोमन अक्षरांत

मूळ कागद स्कॅन करून लगेच परत देतात. त्याची झेरॉक्स चालत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून नाव, पत्ता अशा माहितीच्या दुरुस्तीचे शुल्क ७५ रुपये आहे. त्याहून अधिक मागितले तर पावती मागा. तक्रारीसाठी १९४७ हा क्रमांक आहे.

नेलेल्या ओळखपत्रावर जे अक्षर आहे तेच आणि तसेच आधारवर येते, हे लक्षात ठेवा. आईचे रेशनकार्ड सोबत होते आणि केंद्रावरील मुलीने ते चालेल का म्हणून विचारले, पण त्यावर नाव मराठीत आहे. मराठी कागद माणूस ओळखायला उपयोगी पडतो, रोमन स्पेलिंग ठरवायला नाही. आम्ही मतदार ओळखपत्र दिले.

आता या सबंध प्रक्रियेतली सर्वांत नाजूक दोन मिनिटे येतात. अर्ज भरून झाल्यावर केंद्रावरचा कर्मचारी तुमच्याकडे वळवलेल्या दुसऱ्या पडद्यावर माहिती दाखवतो आणि "बरोबर आहे ना?" असे विचारतो. आपल्या मागे रांग असते, चष्मा पिशवीत असतो आणि आपण मान हलवतो. तसे करू नका. पडद्यावर वरच्या ओळीत रोमन नाव आणि तिच्याखाली मराठी नाव असते. मराठी नाव रोमन अक्षरांवरून यंत्र आपोआप तयार करते. आईच्या वेळी वरची ओळ अचूक होती, पण खाली "लक्ष्मी वित्थल जाधव" असे उमटले होते. कर्मचाऱ्याला सांगताच तिने मराठी कळफलक उघडून 'विठ्ठल' टंकले. सांगितले नसते तर तीच चूक कार्डावर छापली गेली असती आणि ती काढण्यासाठी उरलेली दुसरी संधी खर्ची पडली असती. म्हणून रोमन नाव एकेक अक्षर मोठ्याने वाचा, त्यानंतर मराठी नाव वाचा, नंतर जन्मतारीख आणि पत्त्यात नकळत काही बदलले नाही ना तेही पाहा, आणि मगच संमती द्या.

पोचपावतीवरही नाव छापलेले असते. केंद्राच्या बाहेर पडण्यापूर्वी ती पुन्हा वाचा. तिच्यावरील क्रमांकाने अर्जाची स्थिती संकेतस्थळावर पाहता येते. आईचे काम तीन आठवड्यांत झाले. काही वेळा याहून बराच उशीर होतो, आणि पुरावा अस्पष्ट स्कॅन झाला असेल तर अर्ज नामंजूर होतो. तेव्हा त्याच दिवशी पुन्हा अर्ज न करता नामंजुरीचे कारण आधी वाचा.

दोन्ही संधी संपल्या असतील तर दार पूर्ण बंद होत नाही. पण मग केंद्रावर अर्ज केल्यावर तो आधार प्राधिकरणाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे अपवाद म्हणून न्यावा लागतो आणि तिथे राजपत्रासारखा भक्कम पुरावा मागितला जातो.

४. पॅनमध्ये फरक असेल तर

आईच्या बाबतीत ही पायरी लागली नाही. पण माझ्या मामांच्या वेळी लागली, म्हणून त्यातले दोनच खड्डे सांगतो.

पहिला असा की पॅनची दुरुस्ती म्हणजे नवे पॅन नव्हे. अर्ज `Changes or Correction in PAN Data` या प्रकाराचाच करावा. एका व्यक्तीने दोन पॅन बाळगल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि "नवीनच काढून टाका, लवकर होईल" असा सल्ला देणारे दुकानात भेटतात. प्रोटीन आणि यूटीआयआयटीएसएल या दोन अधिकृत संस्थांच्या संकेतस्थळांवर हा अर्ज घरबसल्या करता येतो.

दुसरा खड्डा रकान्यांचा. अर्जात आडनावाचा रकाना आधी येतो आणि तिथे आद्याक्षर चालत नाही. ज्या रकान्यात बदल करायचा आहे त्याच्या डावीकडील चौकोनात खूण करावी लागते. खूण नसेल तर भरलेली दुरुस्ती धरली जात नाही. विवाहित स्त्रियांनी आणखी एक गोष्ट पाहावी. मधल्या नावाच्या जागी पतीचे नाव असले तरी वडिलांच्या नावाच्या रकान्यात वडिलांचेच नाव लिहायचे असते. तिथे पतीचे नाव लिहिल्याने अर्ज परत आलेले मी पाहिले आहेत.

आधार आधी दुरुस्त केले असेल, तर इथे आधारच्या ई-केवायसीने कागद न पाठवता अर्ज करता येतो आणि आधारवरचे नाव जसेच्या तसे पॅनवर येते. आधार आधी घेण्याचे हे मुख्य कारण आहे. चुकीच्या आधारने ई-केवायसी केली तर चूकही तशीच्या तशी पॅनवर येईल.

दुरुस्ती झाल्यावर प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर `Link Aadhaar Status` पाहा. नावातील तफावतीमुळे ज्यांची जोडणी राहून गेली त्यांचे पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय धरले गेले. अशा पॅनवर परतावा मिळत नाही आणि करकपात चढ्या दराने होते. जोडणीसाठी १,००० रुपये विलंब शुल्क आहे. नाव जुळवण्याआधी ते भरून जोडणीचा प्रयत्न केला तर तो तफावतीवरच अडेल, म्हणून आधी नाव जुळवा.

५. बँकेतील नोंद दुरुस्त करा

खाते ज्या शाखेत आहे तिथेच जा. नावाची दुरुस्ती मोबाइल ॲपवर किंवा दुसऱ्या शाखेत सहसा होत नाही. सोबत पासबुक, नवे आधार, पॅन, यांच्या स्वतः सही केलेल्या प्रती, दोन छायाचित्रे आणि साधा अर्ज न्या. अर्जात हे चार मुद्दे स्पष्ट लिहा :

```
१. सध्याचे नाव (पासबुकाप्रमाणे) : JADHAV LAKSHMI V
२. अपेक्षित नाव (आधार व पॅनप्रमाणे) : LAXMI VITTHAL JADHAV
३. माझ्या ग्राहक क्रमांकावरील आणि सर्व खात्यांवरील
   नाव वरीलप्रमाणे दुरुस्त करावे.
४. माझे एकाहून अधिक ग्राहक क्रमांक असल्यास
   ते एकत्र करावेत.
```

तिसरा आणि चौथा मुद्दा आम्ही पहिल्या अर्जात लिहिला नव्हता, आणि त्याची किंमत मोजली. बँकेच्या संगणकात नाव दोन जागी असते. एक ग्राहक क्रमांकाच्या नोंदीत आणि एक प्रत्येक खात्याच्या शीर्षकात. शाखेने ग्राहकाची नोंद दुरुस्त केली, पण बचत खात्याचे शीर्षक तसेच राहिले, आणि पासबुकावर व यूपीआयवर जुनेच नाव दिसत राहिले. शिवाय आईचे माझ्या वडिलांसोबतचे एक जुने संयुक्त खाते वेगळ्या ग्राहक क्रमांकावर होते. त्यातली मुदत ठेव मोडायला गेलो तेव्हा तिथे तिसरेच स्पेलिंग निघाले. एकाच बँकेत दोन ग्राहक क्रमांक असणे जुन्या खातेदारांच्या बाबतीत नवलाचे नाही. शाखेत "माझ्या नावावर किती ग्राहक क्रमांक आहेत?" हे थेट विचारा.

दुसरी गोष्ट मंजुरीची. शाखेत एक कर्मचारी बदल भरतो आणि दुसरा अधिकारी त्याला मंजुरी देतो. मंजुरी मिळेपर्यंत बदल लागू होत नाही. "झालं तुमचं काम" हे पहिल्या कर्मचाऱ्याने म्हटले असेल तर त्यावर विसंबू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या, चार-पाच दिवसांनी पासबुकाचे पहिले पान नव्याने छापून घ्या आणि यूपीआयची एक रुपयाची चाचणी पुन्हा करा. दोन्हीकडे नवे नाव आले तरच ही पायरी पूर्ण झाली असे समजा. धनादेश पुस्तक आणि डेबिट कार्डावरही नाव छापलेले असेल तर तेही नवे मागवा. सही पूर्ण नावाची असेल आणि तिच्यातही जुने स्पेलिंग असेल, तर नमुना सही बदलायची की नाही ते त्याच वेळी ठरवा.

शाखा प्रतिज्ञापत्र मागू शकते. "लक्ष्मी आणि लक्ष्मीबाई या एकच व्यक्ती आहेत" असे प्रतिज्ञापत्र बँकेच्या फाइलला आधार देते, पण त्याने कोणत्याही संगणकातील नाव आपोआप बदलत नाही. पुष्कळ लोक ते करून घेतात आणि मग काम झाले असे समजून घरी बसतात. प्रतिज्ञापत्र दिले तरी अर्ज द्यावाच लागतो.

लेखी अर्ज देऊनही तीस दिवसांत काही झाले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर विनाशुल्क तक्रार करता येते. त्यासाठी बँकेकडे आधी लेखी तक्रार केल्याचा पुरावा लागतो, म्हणून ती शिक्क्याची प्रत जपून ठेवा. खाते पतसंस्थेत असेल तर हा मार्ग लागू नाही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली नसून सहकार खात्याच्या निबंधकांच्या अखत्यारीत येतात.

६. शेवटी जिथे पैसे अडले होते तिथे या

भविष्य निर्वाह निधीच्या बाबतीत आता युएएन, म्हणजे पीएफ सदस्याचा कायमचा क्रमांक, याच्या नोंदीतील नाव आधारप्रमाणे करायचे असते. जानेवारी २०२५ पासून ही प्रक्रिया सोपी झाली आहे. ज्यांचा युएएन १ ऑक्टोबर २०१७ रोजी किंवा त्यानंतर आधारवरून मिळाला आहे, त्यांना नाव स्वतःच ऑनलाइन दुरुस्त करता येते. त्याआधीच्या युएएनसाठी अर्ज ऑनलाइनच करायचा, पण त्याला मालकाची म्हणजे आस्थापनेची मंजुरी लागते. आईचा युएएन जुना होता, त्यामुळे अर्ज भरल्यावर कारखान्याच्या कार्यालयात फोन करून तो त्यांच्या यादीत दिसतो का ते विचारले. त्यांना तो दिसत होता, पण कोणी उघडला नव्हता. दोन फोननंतर मंजुरी मिळाली. आस्थापना बंद पडली असेल तर साक्षांकित कागदांसह पीएफच्या प्रादेशिक कार्यालयाकडे जावे लागते.

नाव बदलल्यावर लगेच दावा भरू नका. सदस्य पोर्टलवर केवायसीच्या भागात बँक खाते पुन्हा पडताळून घ्या, कारण जुन्या नावाने झालेली पडताळणी नव्या नावाला लागू होईलच असे नाही. बँक खाते मंजूर असे दिसले की मग दावा भरा. आईने तसा भरला आणि रक्कम बारा दिवसांत खात्यात जमा झाली.

प्राप्तिकराचा परतावा अडला असेल तर पोर्टलवर खाते पुन्हा पूर्व-पडताळणीसाठी द्या आणि ते झाल्यावर परतावा पुन्हा पाठवण्याची विनंती नोंदवा. पीएम-किसानसाठी त्या योजनेच्या पोर्टलवर आधारप्रमाणे नाव दुरुस्त करण्याची सोय आहे. शेतकरी कुटुंबांत बहुतेकदा तीच पहिली अडचण असते.

७. या काळात काय टाळावे

आधार बदलल्याच्या दिवशीच पॅन आणि बँकेचे अर्ज टाकू नका. नवे ई-आधार उतरवून त्यावर नवे नाव दिसेपर्यंत थांबा. मोठी रक्कम त्याच सुमारास येणार असेल, उदाहरणार्थ ठेवीची मुदत संपणार असेल, तर बँकेची पायरी ती रक्कम हातात आल्यावर घ्या. जुन्या नावाचे पासबुक, जुने ई-आधार आणि नामंजुरीचे संदेश फेकू नका. पुढे कोणी "हे दोघे एकच कशावरून" विचारले तर तेच कागद दाखवावे लागतात. आणि नाव दुरुस्तीच्या काळात "तुमची केवायसी अपुरी आहे, लिंक उघडा" असे फोन आणि संदेश आले तर ते आपल्याच अर्जाबद्दल आहेत असे वाटून फसायला होते. कोणतीही बँक किंवा आधार केंद्र ओटीपी फोनवर विचारत नाही.

पीएफची रक्कम आल्यावर आम्ही उरलेल्या जागा हाताळल्या : विम्याच्या पॉलिसी, गॅस जोडणी, आणि आईचे नाव जिथे वारस म्हणून लावले होते त्या ठेवी. यांतल्या विमा आणि ठेवींकडे लवकर बघा. वारसाच्या नावातील चूक खातेदार हयात असताना एका अर्जाने निघते. वडिलांच्या दोन ठेवींवर वारस म्हणून `Lakshmi` होते. आई आणि वडील दोघे एकाच दिवशी शाखेत जाऊन सह्या करून आले.